विटणारे शब्द, टिकणारे शब्द

पतंजलींच्या योगसूत्रांत पाच नियम सांगितले आहेत आणि त्यांतला पहिला नियम आहे शौच. शुचि म्हणजे पवित्र, स्वच्छ. शौच म्हणजे शरीराची आणि मनाची निर्मळता. संतोष, तप, स्वाध्याय यांच्या पंगतीत बसणारा हा शब्द. आज मात्र कुणी ‘शौचाला जाऊन येतो’ म्हणालं, तर ऐकणाऱ्याला निर्मळता आठवत नाही. जी क्रिया उच्चारायची लाज वाटत होती, तिच्यावर पांघरूण घालायला कधीतरी कुणीतरी हा पवित्र शब्द उचलला. पण पांघरूणच मळलं. आता आपल्याला ‘शौचालय’ हा शब्दही पाटीवर बरा आणि बोलताना जड वाटतो. मग ‘स्वच्छतागृह’ येतं, ‘प्रसाधनगृह’ येतं, आणि पुण्यामुंबईच्या कार्यालयांत तर ‘वॉशरूम’ने बाकी सगळ्यांना हुसकावून लावलं आहे.

खेड्यात वाड्यामागे परस असायचं, तेव्हा माणसं ‘परसाकडे’ जायची. कुणी ‘बहिर्दिशेला’ जायचं, कुणी ‘झाड्याला’, कुणी नुसतंच ‘बाहेर’. या शब्दांची गंमत अशी की त्यांत काय करायचं ते कुठेच नाही. फक्त कुठल्या दिशेला जायचं ते आहे. हातातलं टमरेल बाकीचं सांगत असे. ‘लघुशंका’ आणि ‘दीर्घशंका’ यांत तर दिशाही उरली नाही, नुसती शंका उरली. ‘पायखाना’ फारसीतून आला, त्याचा अर्थ पायांचं घर. त्याचं काम त्या नावावरून ओळखणं कठीणच. ‘संडास’चा प्रवास याहून पुढचा आहे. तो शब्द जागेचा होता. आज डॉक्टर विचारतात, ‘संडास साफ होते का?’ आणि आई मुलाला म्हणते, ‘संडास लागली का?’ म्हणजे जागेचं नाव सरकत सरकत क्रियेवर आणि मग पदार्थावर जाऊन बसलं. ‘टॉयलेट’चंही तेच चाललं आहे. ‘बाळाने टॉयलेट केली’ हे वाक्य आता आपल्या घरांत सहज ऐकू येतं.

ही रीत फक्त आपली नाही. जपानी भाषेत अशा शब्दांचे थरच थर आहेत. जुना शब्द ‘कावाया’. एका प्रचलित व्युत्पत्तीप्रमाणे त्याचा अर्थ नदीवरचं घर. वाहत्या पाण्यावर बांधलेल्या खोलीचं हे नाव. पुढे ‘हाबाकारी’ आला, ज्याच्या मुळाशी आहे संकोच. ज्या जागेचं नाव घ्यायला संकोच वाटतो, तिचं नावच संकोच ठेवून मोकळं व्हायचं! मग ‘बेंजो’ म्हणजे सोयीची जागा. आज तो शब्द जपानी कानांना ओबडधोबड वाटतो, चारचौघांत कुणी वापरत नाही. त्याच्या जागी ‘ओतेआराई’ म्हणजे हात धुण्याची जागा हा शब्द आला, इंग्रजीतून घेतलेला ‘तोइरे’ आला, आणि मोठ्या दुकानांच्या पाट्यांवर ‘केशोशित्सु’ म्हणजे शृंगाराची खोली.

हा शेवटचा शब्द आपल्या ‘प्रसाधनगृहा’चा सख्खा भाऊ आहे. प्रसाधन म्हणजे नटणं, सजणं. फ्रेंच ‘टॉयलेट’चं मूळ कापडाच्या छोट्या तुकड्यात आहे. तो शृंगाराच्या मेजावर अंथरत. मग त्या मेजालाच ते नाव पडलं, मग नटण्याच्या क्रियेला, मग नटण्याच्या खोलीला आणि शेवटी त्या खोलीला लागून असलेल्या मोरीला. इंग्रजीत बायका ‘पावडर रूम’ला जात. एकमेकींशी काही देणंघेणं नसलेल्या भाषांनी लपायला एकच आडोसा शोधला, आरशासमोरचा. दुसरा आडोसा धुण्याचा. लॅटिन ‘लॅट्रिना’ हे ‘लाव्हात्रिना’चं आखूड रूप, म्हणजे धुण्याची जागा. तो शब्द मळल्यावर इंग्रजीने त्याच धातूपासून निघालेला ‘लॅव्हेटरी’ घेतला. तोही मळला. चिनी पाट्यांवर हात धुण्याची खोली असते आणि आपली वॉशरूमही धुण्याचीच.

शब्द असा का विटतो? कारण त्याच्याकडून आपण अशक्य काम मागतो. समोरच्याला अर्थ कळला पाहिजे आणि तरी आठवण होता कामा नये. नवा शब्द पहिले काही दिवस हे जमवतो, कारण त्याला अजून स्वतःचा जुना अर्थ असतो. तो ऐकला की आधी धुणं किंवा नटणं मनात येतं. पण तो रुळतो, लहान मुलं तो पहिल्यांदाच याच अर्थाने शिकतात, आणि त्या पिढीसाठी तो आडोसा राहत नाही, थेट नाव होतो. भाषा आणि मन यांचे अभ्यासक स्टीव्हन पिंकर यांनी या चक्राला ‘युफेमिझम ट्रेडमिल’ म्हटलं आहे. पायाखालचा पट्टा फिरतच राहतो, आपण चालत राहतो आणि जागच्या जागीच असतो.

पण अर्थ एकच असताना एक शब्द बोचतो आणि दुसरा बोचत नाही, हे खरंच घडतं की नुसता शिष्टाचार आहे? याचं उत्तर कातडीवर मोजता येतं. मन दचकलं की तळहाताला किंचित घाम सुटतो आणि त्वचेतून वीज वाहण्याचं प्रमाण बदलतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेफ्री बॉवर्स आणि क्रिस्टोफर प्लेडेल-पिअर्स या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्यांना काही शिव्या, त्याच शिव्यांची आडवळणाची रूपं आणि काही साधे शब्द मोठ्याने उच्चारायला लावले. आडवळणाचं रूप उच्चारताना त्याचा अर्थ बोलणाऱ्याला पक्का ठाऊक होता. तरी त्वचेची प्रतिक्रिया मूळ शिवीला जास्त आली. म्हणजे भावना केवळ अर्थाला चिकटलेली नसते, ती त्या शब्दाच्या ध्वनीलाही चिकटलेली असते. लहानपणी तो ध्वनी तोंडातून निघाला आणि पाठीत धपाटा बसला, असं पुन्हा पुन्हा घडून ती गाठ पडते.

त्याआधी २००३ मध्ये कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी तुर्की मातृभाषा असलेल्या आणि मागाहून इंग्रजी शिकलेल्या माणसांवर असंच मोजमाप केलं होतं. निषिद्ध शब्द आणि लहानपणी मिळणारा दटावा तुर्कीत ऐकला की प्रतिक्रिया जोरात यायची; तेच इंग्रजीत ऐकलं की सौम्य. हे वाचल्यावर आपलं एक रोजचं वाक्य मला नव्याने कळलं: ‘काका काल एक्सपायर झाले.’ औषधाच्या बाटलीवरचा हा शब्द माणसाला लावतात म्हणून मराठीचे अभिमानी चिडतात. पण बोलणाऱ्याला तो शब्द थंड लागतो, म्हणूनच तो हाताशी येतो. ‘बॉडी केव्हा मिळेल’, ‘पिरियड्स आले’, ‘टॉयलेटला जायचंय’ या सगळ्यांत इंग्रजीची हौस कमी आणि हा थंडावा जास्त आहे. मराठी शब्द आईच्या आवाजात शिकलेले असतात, ते लगेच भाजतात.

आतापर्यंतचा मामला किळसेचा आणि लाजेचा होता. पण मराठीत आडवळणाचं दुसरं एक मोठं घराणं आहे आणि त्याचं मूळ भीतीत आहे. आपण नारळ फोडतो, पण देवापुढे तो ‘वाढवतो’. बांगडी फुटली तर ती ‘वाढली’ म्हणायचं. आणि नवरा गेलेल्या बाईचं मंगळसूत्र तोडलं असं आपण म्हणत नसू, ते ‘वाढवलं’. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. इथे काहीच लपवायचं नसतं, कारण फुटलेली बांगडी सगळ्यांना दिसतेच आहे. धास्ती असते ती शब्दाची. फुटणं, तुटणं, संपणं हे उच्चारलं तर ते ऐकून येईल, म्हणून नेमकं उलटं बोलायचं. तापाने अंग भाजून काढणाऱ्या रोगाला आपण ‘देवी’ म्हटलं आणि त्या देवीला ‘शीतला’, थंडावा देणारी. ग्रीकांनी सूड उगवणाऱ्या भयंकर देवतांना ‘युमेनिडीस’, म्हणजे कृपाळू, म्हटलं. ज्यू लोक कब्रस्तानाला ‘बेत हा-खाईम’ म्हणतात; अर्थ आहे जीवनाचं घर. चिनी घरांत म्हाताऱ्यांसाठी आधीच शिवून ठेवलेल्या अखेरच्या कपड्यांना दीर्घायुष्याचे कपडे म्हणतात. हे शब्द शतकानुशतकं टिकतात आणि मळत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखं आहे. ‘नारळ वाढवणं’ आजही तितकंच शुभ वाटतं.

मग मृत्यूचे शब्द कुठल्या घराण्यातले? मला वाटतं, ते बहुतेक तिसऱ्याच घराण्यातले आहेत. ‘मेला’ हे क्रियापद माणसासाठी वापरणं मराठीत उद्धटपणाचं झालं आहे, ते जनावराला किंवा शिवीत उरलं. ‘खपला’ घसरला. पण ‘वारले’, ‘निवर्तले’, ‘दिवंगत’, ‘गेले’ हे शब्द कित्येक पिढ्या चालत आलेत आणि अजून घासले गेले नाहीत. ते का टिकले, याचं उत्तर वर्तमानपत्राच्या निधनवार्तांच्या रकान्यात सापडतं. तो रकाना नावं झाकून वाचला तरी माणूस कुठल्या श्रद्धेत जगला ते कळतं. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. हा शिवभक्तांचा शब्द, पण आता सरसकट सगळ्या हिंदूंना लागतो. वारकऱ्याच्या नावामागे मात्र आवर्जून ‘वै.’ येतं, कारण तो वैकुंठाला गेला. मुसलमान माणूस पैगंबरवासी होतो, ख्रिस्ती ख्रिस्तवासी, लिंगायत लिंगैक्य. आंबेडकरी बौद्ध घरातल्या पत्रिकेवर ‘कालकथित’ असतं, कारण स्वर्ग आणि कैलास दोन्ही त्यांनी जाणीवपूर्वक सोडलेले आहेत. आणि ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचं झालं ते महापरिनिर्वाण. ‘कालकथित’ लिहिणाऱ्या मुलाला वडील मेले हे लपवायचं नसतं. ते कोण होते हे शेवटचं एकदा सांगायचं असतं, आणि छापखान्यातल्या कुणी सवयीने ‘कै.’ घातलं तर तो ते खोडून घेतो.

चीनमध्ये हीच गोष्ट दरबारी शिस्तीने बांधलेली होती. ‘लीजी’ या प्राचीन आचारग्रंथात मरणाची क्रियापदंच हुद्द्याप्रमाणे वाटून दिलेली आहेत. सम्राट मेला तर ‘बंग’, डोंगर कोसळावा तसा. सामंत राजांना वेगळं क्रियापद, वरिष्ठ अधिकाऱ्यांना वेगळं. त्याखालच्या सुशिक्षित नोकरदाराचा शब्द होता ‘बू-लू’, म्हणजे आता वेतन घेत नाही. साधं ‘स्स’, मरणं, ते फक्त सामान्य माणसाच्या वाट्याला. रोममध्ये इ. स. पू. ६३ मध्ये कॅटिलाइनच्या कटातल्या माणसांना तुरुंगात मृत्युदंड दिल्यावर सिसेरोने बाहेर वाट पाहणाऱ्या जमावाला एकच शब्द ऐकवला: ‘व्हिक्सेरुन्त’, ते जगले. जमावाला सगळं समजलं.

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागात राहणाऱ्या वार्लपिरी आणि शेजारच्या आदिवासी समाजांत तर क्रियापदावर थांबत नाहीत. गेलेल्या माणसाचं नावच दुखवट्याच्या काळात घेत नाहीत, आणि त्याच नावाचा दुसरा कुणी जिवंत असेल तर त्यालाही तोवर ‘कुमंजयी’ या बदली नावाने हाक मारतात. ऑस्ट्रेलियातल्या वाहिन्या कार्यक्रमाच्या आधी सूचना देतात, की यात दिवंगत व्यक्तींची नावं आणि चित्रं असू शकतात. गावात काही दिवस दोन-तीन कुमंजयी असले तरी कुणाचा घोटाळा होत नाही. ऐकणाऱ्याला सगळं माहीत आहे, हे या शब्दांमागचं गृहीत आहे.

हे गृहीत जिथे खोटं ठरतं तिथे आडवळणाचा शब्द घात करतो. पाळीसाठीचे आपले जुने शब्द बघा. ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’, ‘अडचण आहे’. बायका बायकांत त्यांचा अर्थ स्वच्छ होता. घरातल्या मुलांना तो कळू नये यासाठीच ते होते. पण त्या मुलांत उद्या पाळी येणारी मुलगीही असायची. तिला कावळ्याची गोष्ट ठाऊक असे, रक्ताची नाही. पहिल्यांदा डाग दिसला की आपल्याला काहीतरी भयंकर झालं या समजुतीने मुली रडत बसायच्या, कारण ज्या शब्दाने तिला तयार करायचं तोच तिच्यापासून लपवलेला असे.

दवाखान्यात याची किंमत आणखी मोठी होते. ‘अंगावरून जातंय’ ही तक्रार घेऊन एखादी बाई येते. या दोन शब्दांत किमान तीन वेगळ्या गोष्टी मावतात. पांढरं जात असेल, तर ते कधी कधी अगदी नेहमीचं असतं आणि कधी जंतुसंसर्गाचं. पाळीत रक्त जास्त जात असेल, तर कारणं निराळी. पण तीच बाई पंचावन्नची असेल, पाळी जाऊन काही वर्षं झाली असतील आणि आता लाल डाग दिसत असेल, तर गोष्ट पूर्ण बदलते. पाळी थांबून १२ महिने उलटल्यानंतर झालेला कुठलाही रक्तस्राव, अगदी एकदाच आणि थेंबभर झालेला असला तरी, तपासून घ्यावाच लागतो. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते आणि त्या टप्प्यावर उपचार चांगले लागू पडतात. बाईने ‘अंगावरून जातंय’ म्हटलं, दवाखान्यातल्या घाईत समोरच्याने ते पांढरं समजून गोळ्या दिल्या, तर हे कळायला महिने जातात. म्हणून जाणते डॉक्टर आणि परिचारिका तिचा शब्द तिच्यापाशीच ठेवतात, तिला लाजवत नाहीत, आणि पुढचे प्रश्न नेमके विचारतात. रंग कोणता? पांढरं, पिवळं की लाल? वास येतो का? शेवटची पाळी कधी आली होती? मध्ये एक वर्ष काहीच नव्हतं ना?

अतिदक्षता विभागाच्या बाहेरचा प्रसंगही असाच आहे. समजा, आत एका गृहस्थांचं हृदय बंद पडलं, अर्धा तास प्रयत्न झाले, यश आलं नाही. तरुण डॉक्टर बाहेर येतो. मुलगा उभा राहतो. डॉक्टरला ते वाक्य उच्चारवत नाही. तो म्हणतो, ‘आम्ही सगळे प्रयत्न केले. आता आपल्या हातात काही नाही.’ मुलगा विचारतो, ‘मग मोठ्या हॉस्पिटलला हलवू का?’ डॉक्टर म्हणतो, ‘नाही हो, ते आता राहिले नाहीत इथे.’ धक्क्यात असलेलं मन शब्दाला शब्दशः धरतं आणि मिळेल तिथे आशा शोधतं. ‘कुठे नेलं त्यांना?’ हा प्रश्नही येऊ शकतो, आणि तो विचारणारा माणूस अडाणी नसतो.

आणीबाणीच्या विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांना म्हणूनच निराळं शिकवतात. आधी माणसाला बसवायचं, आपणही बसायचं. त्यांना आतापर्यंत काय माहीत आहे ते विचारायचं. मग एक इशारा द्यायचा: ‘बातमी वाईट आहे.’ क्षणभर थांबायचं. मग संदिग्ध नसलेलं एक छोटं वाक्य, आणि त्यानंतर गप्प बसायचं. इंग्रजीत त्यासाठी मरणाचंच क्रियापद वापरायला सांगतात. मराठीत ‘ते मेले’ म्हणता येत नाही, तो अपमान होतो. ‘गेले’ मध्ये घोटाळ्याला जागा आहे, आणि ‘एक्सपायर’ थंड असलं तरी आजीला कळेलच असं नाही. सुदैवाने आपल्याकडे ‘मृत्यू’ हे नाम आहे. ते स्पष्टही आहे आणि अदबीचंही. ‘तुमच्या वडिलांचा मृत्यू झाला आहे’ या वाक्यात दुसरा अर्थ निघत नाही.

लहान मुलांच्या बाबतीतही हेच पाळावं. ‘आजोबा झोपले’ असं ऐकलेलं मूल रात्री झोपायला घाबरतं, आणि ‘गावाला गेले’ असं ऐकलेलं मूल दाराकडे बघत राहतं. त्यांचं शरीर बंद पडलं, ते आता श्वास घेत नाहीत, परत येणार नाहीत, एवढं त्याला समजेल अशा शब्दांत सांगता येतं. मग ‘देवाघरी’ ही ज्या घराची श्रद्धा आहे त्या घराने ती जरूर सांगावी.

अतिदक्षता विभागाबाहेरचा तो मुलगा वाक्य ऐकून खाली बसतो. थोड्या वेळाने फोन हातात घेऊन तो बहिणीला सांगतो, ‘बाबा गेले गं.’ इथून पुढे डॉक्टरांनीही ‘मृत्यू’ शब्द पुन्हा पुन्हा उच्चारायची गरज नसते. कागदपत्रांबद्दल, कुणाला कळवायचं, घरी केव्हा न्यायचं याबद्दल बोलताना त्यांनी मुलाचाच शब्द घ्यावा: ‘बाबा गेले तेव्हा साडेचार वाजले होते.’